फेरफाराच्या व्हिडिओंसाठी नऊ चॅनलांचा अभ्यास : तीन महिन्यांच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

तालुक्याच्या ठिकाणी मी बावीस वर्षे दस्तलेखनाचे काम करतो. सातबारा, फेरफार, वारस नोंद आणि हक्कसोडपत्र या विषयांवर गेल्या वर्षी मी मराठीत अकरा व्हिडिओ केले. त्यांतील मधला व्हिडिओ, म्हणजे पाहिले गेल्याच्या आकड्यांनी क्रम लावल्यास सहाव्या क्रमांकाचा, आजवर ४६ वेळा पाहिला गेला आहे. माहिती बरोबर होती, आवाज स्पष्ट होता, तरीही ज्यांच्यासाठी ते केले त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. माझ्या टेबलासमोर रोज जे प्रश्न येतात तेच लोक यूट्यूबवर शोधतात, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून बारावा व्हिडिओ करण्याआधी, याच विषयावरील इतर चॅनल काय करतात, त्यातले काय खरोखर चालते आणि त्यांनी कोणती जागा मोकळी सोडली आहे, हे पद्धतशीर पाहायचे ठरवले आहे. संगणकावरील कामाला भाचा मदत करणार आहे.

आज दिवसभर चॅनलांची यादी केली आणि ती चुकली. ज्यांचे सबस्क्रायबर सर्वाधिक ते वरचे दहा घेतले, तर त्यांत सहा बातम्यांचे आणि दोन शासकीय योजनांचे निघाले. त्यांचा प्रेक्षक सवयीने रोज येतो. माझ्या व्हिडिओकडे येणारा माणूस हातात कागद घेऊन, एका अडचणीसाठी, बहुधा एकदाच येणार आहे.

५ जानेवारी

यादी नव्याने केली. भाच्याने ब्राउझरची खासगी खिडकी उघडून दिली, कारण माझ्या खात्यातून शोधले की मी आधी पाहिलेलेच पुढे येत होते. गेल्या महिन्यात पक्षकारांनी मला विचारलेले बारा प्रश्न त्यांच्याच शब्दांत टाकले आणि प्रत्येक शोधात वरच्या दहांत आलेल्या चॅनलांची नावे लिहून काढली. बारांपैकी निदान तीन शोधांत जे दिसले तेच ठेवले. असे नऊ चॅनल मिळाले. नोंदींत त्यांना अ ते ओ अशी अक्षरे दिली आहेत. त्यांच्याबद्दल मला कोणतीही तक्रार नाही आणि नावे दिली तर वाचणाऱ्याचे लक्ष पद्धतीवरून व्यक्तींवर जाईल.

एक गोष्ट इथेच कळली. पुष्कळ लोक देवनागरीत टाइप करत नाहीत. शोधपेटीत ferfar एवढे टाकले की पुढे येणाऱ्या सूचनांत ferfar namanjur यासारखे शब्दप्रयोग दिसतात. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधल्यावर निकालही थोडे वेगळे आले, म्हणून बाराही प्रश्न दोन्ही प्रकारे टाकले. त्यात दीड तास जास्त गेला, पण नवांपैकी दोन चॅनल केवळ त्यामुळे सापडले.

११ आणि १२ जानेवारी

प्रत्येक चॅनलचे अलीकडचे तीस व्हिडिओ तक्त्यात भरले. शीर्षक, तारीख, व्ह्यूज आणि लांबी एवढेच स्तंभ ठेवले. दोन दिवसांत मिळून सहा तास लागले.

भरताना एक मोठी गफलत झाली होती. एका मिनिटापेक्षा लहान ते शॉर्ट्स असे धरून मी ते वगळत होतो, परंतु १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओही शॉर्ट्समध्ये जातो. त्यामुळे दोन-अडीच मिनिटांचे काही शॉर्ट्स माझ्या तक्त्यात आले आणि ते चॅनल प्रत्यक्षापेक्षा जोरात चालल्यासारखे दिसू लागले. शॉर्ट्स बोटाने सरकवताना समोर येतात आणि लांब व्हिडिओ माणूस शोधून उघडतो, त्यामुळे हे दोन आकडे एका रांगेत बसत नाहीत. उपाय सोपा निघाला. चॅनलच्या पानावर ‘व्हिडिओ’ आणि ‘शॉर्ट्स’ असे वेगळे विभाग असतात, त्यांपैकी फक्त पहिल्यातून घ्यावे आणि लांबीवरून अंदाज करूच नये. शिवाय तीस दिवसांपेक्षा नवे व्हिडिओही काढून टाकले, कारण शोधातून पाहिला जाणारा व्हिडिओ सावकाश वाढतो आणि नव्याचा आकडा अजून स्थिर झालेला नसतो. काढलेल्यांच्या जागी जुने भरून पुन्हा तीस पूर्ण केले. एकूण २७० व्हिडिओ झाले.

१८ जानेवारी

कोणता व्हिडिओ ‘चालला’ म्हणायचा, हे ठरवण्यात आजचा दिवस गेला. नुसते व्ह्यूज पाहून चालत नाही, कारण मोठ्या चॅनलचा सामान्य व्हिडिओही छोट्या चॅनलच्या उत्तम व्हिडिओपेक्षा जास्त पाहिला जातो. सबस्क्रायबरांच्या संख्येने भागूनही बरोबर येत नाही, कारण या विषयात येणारे बहुतेक जण शोधातून येतात आणि सबस्क्राइब न करता निघून जातात. म्हणून प्रत्येक व्हिडिओची तुलना त्याच चॅनलच्या नेहमीच्या आकड्याशी करायची ठरवली.

सुरुवातीला ‘नेहमीचा आकडा’ म्हणून मी सरासरी घेतली आणि तिथे फसलो. ‘इ’ चॅनलचे उदाहरण देतो. त्याच्या तीस व्हिडिओंची सरासरी ९,४०० येत होती, कारण एका योजनेवरचा एकच व्हिडिओ दोन लाख दहा हजारांवर गेला होता. उरलेले बहुतेक दोन-अडीच हजारांच्या आसपास होते. सामाईक जमिनीच्या वाटपावरील त्याचा ८,९०० व्ह्यूजचा व्हिडिओ सरासरीच्या खाली दिसत होता, म्हणून मी तो सोडून दिला होता. सरासरीऐवजी मध्यक घेतला, म्हणजे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा घेतला, तेव्हा तो २,१०० निघाला आणि तोच व्हिडिओ नेहमीच्या चौपटीहून अधिक ठरला. तक्त्यात सूत्र इतकेच आहे:

```
=C2/MEDIAN($C$2:$C$31)
```

याला मी ‘पट’ म्हणतो. चार पट किंवा त्याहून अधिक असलेले व्हिडिओ वेगळे काढले. २७० पैकी २३ निघाले. चार हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. तीन पट धरले तर इतके व्हिडिओ येत होते की नीट पाहणे शक्य नव्हते, आणि सहा पट धरले तर फक्त बातम्या उरत होत्या.

त्याआधी एका विश्लेषण सेवेची महिन्याची वर्गणी ₹१,१५० भरली होती. तीही हेच गुणोत्तर दाखवते, पण शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ एकत्र करून. पुढच्या महिन्यापासून ती बंद केली आहे. नऊ चॅनलांपुरते काम असेल तर हाताने भरलेला तक्ता पुरतो आणि भरता भरता शीर्षके नजरेखालून जातात, हा त्याचा खरा फायदा आहे.

२५ जानेवारी

तेवीस व्हिडिओ दोन ढिगांत विभागले. काहींचे यश त्या आठवड्यातील बातमीचे होते, म्हणजे नवा शासन निर्णय किंवा योजनेची मुदत. अशा व्हिडिओची मांडणी कशीही असली तरी तो चालला असता, त्यामुळे त्यातून मांडणीबद्दल काही शिकता येत नाही. उरलेल्यांचे यश एका कायमच्या प्रश्नाचे होते.

हे ओळखण्यासाठी शीर्षकावर विसंबू नये. कमेंट ‘नवीन प्रथम’ अशा क्रमाने लावून त्यांच्या तारखा पाहाव्यात. ‘आ’ चॅनलचा एक व्हिडिओ दीड वर्षापूर्वीचा होता आणि त्यावर गेल्या आठवड्यात चार नवे प्रश्न आले होते, म्हणजे तो अजून जिवंत आहे. दुसरा आठ महिन्यांपूर्वीचा, व्ह्यूज त्याच्या तिप्पट, पण शेवटची कमेंट सात महिन्यांपूर्वीची. तो पहिल्या ढिगात गेला. अशा रीतीने १२ व्हिडिओ बातमीचे आणि ११ कायमच्या प्रश्नांचे ठरले. पुढचे सारे काम या अकरांवर केले.

१ फेब्रुवारी

अकराही व्हिडिओ पूर्ण पाहिले आणि प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहिल्या: प्रश्न कोणाचा आहे, पहिल्या तीस सेकंदांत काय घडते, बोलताना पडद्यावर काय असते, आणि व्हिडिओ कुठे थांबतो. विषय आणि मांडणी वेगळ्या ठेवण्याचा हा प्रयत्न होता. ‘वारस नोंद’ हा विषय झाला. ‘खरा कागद समोर ठेवून त्यावर बोट फिरवत एकेक रकाना वाचणे’ ही मांडणी झाली, आणि ती मोटारीच्या विम्याच्या कागदालाही लागू पडते.

अकरांपैकी सातांत पहिल्या तीस सेकंदांत प्रत्यक्ष कागद पडद्यावर आला होता. आठांच्या थंबनेलवर लाल बाण होता. दोन्ही गोष्टी मी ‘चालणाऱ्या’ म्हणून वहीत नोंदवल्या आणि समाधानाने काम थांबवले.

२ फेब्रुवारी

कालची दुसरी नोंद चुकीची होती, आणि असे काम करणाऱ्याच्या हातून हीच चूक होण्याचा संभव मला सर्वाधिक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी फक्त चाललेले व्हिडिओ पाहिले होते. न चाललेल्यांतही तेच असेल, तर त्या गोष्टीचा यशाशी काही संबंध उरत नाही. हा मुद्दा भाच्याने काढला, कारण तो शेतकी महाविद्यालयात शिकतो आणि तिथे औषध न फवारलेला वाफाही मोजतात.

म्हणून उरलेल्या २४७ सामान्य व्हिडिओंतून दर आठवा असे तीस घेतले आणि त्यांचे थंबनेल व पहिली तीस सेकंदे तपासली. लाल बाण तिसांपैकी बावीसांवर होता. चाललेल्यांत अकरांपैकी आठ आणि न चाललेल्यांत तिसांपैकी बावीस हे प्रमाण जवळजवळ एकच आहे. बाण ही या विषयातली सवय झाली आहे, तिच्यामुळे फरक पडत नाही. सुरुवातीलाच कागद दाखवणारे मात्र तिसांपैकी फक्त पाच होते, आणि हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अकरा हा आकडा लहान आहे, त्यामुळे मी याला सिद्धता म्हणत नाही, परंतु करून पाहण्याइतका आधार त्यात आहे.

आणखी एक चाळणी लावली. एखादी मांडणी एकाच चॅनलवर चालत असेल तर ते यश त्या माणसाचे असू शकते. ‘ऊ’ चॅनलवरील निवृत्त अधिकारी वीस मिनिटे फक्त बोलतात आणि लोक शेवटपर्यंत ऐकतात. त्यामागे त्यांचा अनुभव आणि आवाज आहे, तो मला घेता येणार नाही. कागद आधी दाखवण्याची पद्धत मात्र एकमेकांशी संबंध नसलेल्या चार चॅनलांवर चालली होती, म्हणून ती घेण्याजोगी मानली.

८ आणि ९ फेब्रुवारी

मांडणी सापडली, पण ती चौघे आधीच वापरत आहेत. मी तिथे जाऊन तोच सातबारा तसाच वाचला, तर पाहणाऱ्याला नवे काय मिळणार? वेगळेपणा शोधण्यासाठी अकरा व्हिडिओंखालच्या कमेंट वाचल्या. हे दोन दिवस आणि त्याआधीच्या तीन संध्याकाळी मिळून ६४० वाचून झाल्या. आभार मानणाऱ्या आणि फोन क्रमांक मागणाऱ्या २९० बाजूला काढल्या. उरलेल्या ३५० प्रत्येकी एका ओळीत लिहून घेतल्या.

त्या वाचताना मला माझ्या टेबलासमोरची माणसे दिसत होती. सगळे व्हिडिओ अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रे जोडायची आणि नोंद कशी मंजूर होते, या क्रमाने जातात आणि मंजुरीशी संपतात. प्रश्न विचारणारा मात्र त्या वाटेवर कुठे तरी अडलेला असतो. ३५० पैकी १४२ कमेंट अडलेल्यांच्या होत्या आणि त्यांतल्या ६१ जणांची नोंद थेट नामंजूर झालेली होती. या ६१ पैकी नऊ जणांनाच चॅनलकडून उत्तर मिळालेले दिसले. पुष्कळांनी शेरा जसाच्या तसा उतरवून त्याचा अर्थ विचारला होता. ‘सर्व हितसंबंधितांना नोटीस बजावणी नाही, सबब नोंद नामंजूर’ हे वाक्य कायद्याच्या सवयीच्या माणसाला सरळ वाटते, पण ज्याच्या सातबाऱ्यावर बापाचे नाव अजून तसेच आहे त्याला त्यातून पुढे काय करायचे हे कळत नाही.

मग २७० शीर्षकांत ‘नामंजूर’, ‘रद्द’ आणि ‘हरकत’ शोधले. चार व्हिडिओ मिळाले. चारही अपील कसे करावे हे सांगतात. शेरा वाचून दाखवणारा एकही नाही. जागा रिकामी आहे याचा अर्थ तिथे मागणी आहे असा होत नाही, कोणी पाहात नाही म्हणूनही ती रिकामी असू शकते. परंतु त्या चारांपैकी एक पाच पट चाललेला होता आणि वर सांगितलेल्या सूचनांतही namanjur हा शब्द आपोआप येत होता. मी ही दिशा घ्यायचे ठरवले: नामंजुरीच्या शेऱ्यापासून सुरुवात करायची आणि तिथून मागे जात कारण शोधायचे.

१५ फेब्रुवारी

शेजारच्या विषयांत कोणी ‘बिघडलेल्यापासून’ सुरुवात करते का, हे पाहिले. दुचाकी दुरुस्तीच्या चॅनलांवर ही पद्धत सर्रास आहे. गाडी सुरू होत नाही, मग आधी प्लग, मग पेट्रोल, मग बॅटरी, असे एकेक कारण तपासून बाजूला काढत जातात. कर्नाटकातील जमिनीच्या नोंदींवरील, तिथे ज्याला पहाणी म्हणतात त्यावरील, कन्नड व्हिडिओही भाषा पूर्ण न समजता पाहिले, पण तिथेही क्रम अर्जापासून मंजुरीपर्यंतचाच होता. मांडणी आपल्या विषयाबाहेरून आणली तर ती नक्कल वाटत नाही, कारण आशय पूर्णपणे आपला भरावा लागतो.

१६ फेब्रुवारी

आज अकरा तासांचे काम टाकून दिले. वारस नोंद नामंजूर होण्यावर मी पटकथा लिहिली आणि भाच्याला वाचून दाखवली. त्याने तक्त्यातला ‘आ’ चॅनलचा व्हिडिओ उघडला. माझ्या पटकथेतील मुद्द्यांचा क्रम त्याच्यासारखाच होता, उदाहरणातही तेच तीन भाऊ आणि एक विवाहित बहीण होती, आणि एक वाक्य जवळपास शब्दशः उतरले होते. मी मुद्दाम काही घेतले नव्हते. आठवडाभरात तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला होता आणि तो डोक्यात बसला होता.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर कल्पना, विषय किंवा माहिती यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडलेल्या रूपावर असतो. आर. जी. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्पष्ट केले आहे, आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही कसोटीही तिथेच मांडली आहे. सामाईक हिश्श्याचे उदाहरण कोणीही देईल, पण क्रम, उदाहरण आणि शब्द तिन्ही जुळले तर ती निव्वळ कल्पना उरत नाही. कायद्याआधी मला याची लाज वाटली, कारण त्या माणसाने ते कष्टाने बसवले आहे.

तेव्हापासून तीन नियम पाळतो आहे. दुसऱ्याचा व्हिडिओ एकदाच पाहायचा आणि त्या वेळी केवळ मांडणीच्या चार रकान्यांतच टिपायचे, वाक्ये उतरवायची नाहीत. पटकथा लिहिण्याआधी किमान सात दिवस त्या विषयावरचे काहीही पाहायचे नाही. आणि प्रत्येक उदाहरण माझ्या स्वतःच्या दप्तरातल्या, संबंधितांची परवानगी घेतलेल्या प्रकरणातून घ्यायचे. तिसऱ्या नियमाचा उपयोग सर्वाधिक होतो. खऱ्या प्रकरणाचा क्रम त्या प्रकरणातूनच ठरतो, तो दुसऱ्याशी जुळायचे कारण नसते.

२ मार्च

पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. प्रकरण साधे होते. भावाने बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले, पण ते पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेले होते, नोंदणीकृत नव्हते. त्याआधारे मागितलेली नोंद मंडळ अधिकाऱ्यांनी नामंजूर केली. अशा कागदाने स्थावर मिळकतीतील हक्क सुटत नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि तो नोंदवल्यावर नव्याने फेरफार मागता येतो. अपील करून वर्ष घालवण्याची इथे गरजच नव्हती.

४ मार्च

व्हिडिओ काढून घ्यावा लागला. सातबारा आणि फेरफार हे सार्वजनिक अभिलेख आहेत, तरी नावे आणि गट क्रमांक मी झाकले होते, पण कागदाच्या डाव्या कोपऱ्यातील फेरफार क्रमांक आणि गावाचे नाव एका दृश्यात चार सेकंद दिसत होते. एवढ्यावरून माहीतगार माणूस ऑनलाइन मूळ नोंदीपर्यंत पोहोचू शकतो. पक्षकारानेच फोन करून लक्षात आणून दिले, आणि त्याच्या घरातली गोष्ट गावात चर्चेला आली असती तर ती जबाबदारी माझी होती. यूट्यूब स्टुडिओच्या संपादकात प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचा भाग धूसर करता येतो, पण कागद हलत असल्याने ते नीट बसेना. अखेर चित्रीकरणच पुन्हा केले. आता छपाई करून त्यावर काळी पट्टी चिकटवतो आणि मगच कॅमेऱ्यासमोर ठेवतो.

९ मार्च

सुधारलेला पहिला व्हिडिओ पुन्हा टाकला. स्टुडिओतील प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात तिसाव्या सेकंदाला ४१ टक्के लोक उरले होते. कारण शोधण्यासाठी स्वतःची सुरुवात पाहिली. कागद दाखवण्याची पद्धत मी घेतली खरी, पण त्याआधी बावीस सेकंद जमीन महसूल अधिनियम १९६६ आणि कलम १५० यांची ओळख करून दिली होती. तक्त्यात मी स्वतःच जे लिहिले होते तेच पाळले नव्हते. दस्त लिहिताना आधी प्रस्तावना येते, ती सवय इथेही आली.

१६ मार्च

दुसरा व्हिडिओ. पहिल्याच सेकंदाला शेरा पडद्यावर, आणि माझे पहिले वाक्य: “हा शेरा वाचा, यातल्या चार शब्दांवर पुढचे सगळे अवलंबून आहे.” ते चार शब्द म्हणजे ‘हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेऊन’. नुसत्या अपुऱ्या कागदांमुळे नोंद नामंजूर झाली असेल तर कागद पुरे करून पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग मोकळा असतो. पण कोणी हरकत घेतली, ती तक्रारींच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये चढली, सुनावणी झाली आणि मग निर्णय दिला गेला, तर तो निर्णय आहे. त्याविरुद्ध कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करावे लागते. हा फरक न कळल्याने माणूस पुन्हा पुन्हा अर्ज करत बसतो आणि साठ दिवस निघून जातात. मुदत गेल्यावर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटवून द्यावे लागते. माझ्याकडे असे लोक दर महिन्याला येतात, आणि त्यांतल्या अनेकांचे नुकसान टाळता आले असते.

इथे दुचाकीवाल्यांची रीत कामी आली. शेऱ्यात ‘हरकत’ शब्द आहे का, ‘सुनावणी’ आहे का, नोटीस कोणाला बजावली नाही असे म्हटले आहे, दस्ताचा नोंदणी क्रमांक नमूद आहे का, असे एकेक तपासत गेलो. तिसाव्या सेकंदाला ६८ टक्के लोक होते.

थंबनेलबद्दल एकच नोंद. भाच्याने ते फोनवर, अंगठ्याएवढ्या आकारात दाखवले, तेव्हा मी संगणकावर छान दिसणारा म्हणून ठेवलेला संपूर्ण कागद धूसर पट्टी वाटत होता. केवळ शेऱ्याची एक ओळ मोठी करून ठेवली. स्टुडिओत एकाच व्हिडिओला तीन थंबनेल देऊन तुलना करता येते. तिथे ओळ मोठी केलेले पुढे राहिले, पण दाखवलेल्यांची संख्या लहान असल्याने फरक निर्णायक नव्हता.

२३ मार्च

तिसरा व्हिडिओ क्षेत्राच्या फरकावर केला, म्हणजे दस्तातले क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र जुळत नसल्याने झालेल्या नामंजुरीवर. मांडणी दुसऱ्यासारखीच होती. तरी सुरुवातीपासून तो मंद आहे. कमेंटींच्या तक्त्यात पुन्हा पाहिले, तर ६१ पैकी फक्त चौघांनी क्षेत्राबद्दल विचारले होते. नोटीस न बजावणे आणि हरकत यांबद्दल मिळून ३७ जणांनी विचारले होते. मी हा विषय घेतला कारण तो मला स्वतःला गुंतागुंतीचा आणि आवडीचा वाटतो.

१३ एप्रिल

प्रत्येकाचे अठ्ठावीस दिवस मोजता यावेत म्हणून इतके थांबलो. तिसऱ्याचे अजून पूर्ण झालेले नाहीत, तरी लिहितो. पहिला २१०, दुसरा १,३४०, तिसरा २६०. माझ्या जुन्या मध्यकाच्या, म्हणजे ४६ च्या, तुलनेत दुसरा एकोणतीस पटीहून अधिक आहे, पण इतक्या लहान आकड्यांवर पट फार मोठे दिसते, त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की दुसऱ्या व्हिडिओकडे येणाऱ्यांत शोधातून आलेले सर्वाधिक आहेत आणि त्यांनी टाकलेल्या शब्दांच्या यादीत ‘फेरफार नामंजूर’ दोन्ही लिपींत वर आहे. ज्यांच्यासाठी तो केला तेच येत आहेत.

त्याखाली ३८ कमेंट आल्या. त्यांतल्या चौदा जणांनी आपला शेरा उतरवून पाठवला आहे. व्यक्तिगत सल्ला मी तिथे देत नाही, कारण पूर्ण कागद पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला घातक ठरू शकतो आणि त्यासाठी त्यांनी वकिलाकडे जायला हवे. मात्र शेऱ्यांची भाषा मी नव्या तक्त्यात लिहून ठेवतो आहे. चौदांपैकी पाचांत नमुना ९ ची नोटीस एखाद्या वारसाला मिळालीच नाही हे कारण आहे, आणि त्या पाचांपैकी तिघांत तो वारस परगावी गेलेली मुलगी आहे. चौथा व्हिडिओ यावर होईल. माझ्या दप्तरात असे एक प्रकरण आहे, पक्षकार बाईंनी परवानगी दिली आहे, आणि कागदावर काळ्या पट्ट्या लावून झाल्या आहेत. इतर चॅनलांचे या विषयावरील व्हिडिओ ६ एप्रिलपासून पाहिलेले नाहीत, त्यामुळे उद्या पटकथा लिहायला बसता येईल.